पाच हजार नग नेमके कशाचे: छापील खोक्यांच्या किमान मागणीचा प्रकरण अभ्यास

पुठ्ठ्याची घडीची खोकी बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याने मिठाईच्या दुकानांच्या आणि बेकऱ्यांच्या मालकांना एक ईमेल पाठवला. कारखान्यात चार रंगांचे एक ऑफसेट यंत्र, एक पंचिंग यंत्र आणि पेस्टिंगची एक लाइन होती. आजवरचे त्याचे काम औषधांच्या खोक्यांचे होते. त्या व्यवसायात एका आकाराची एका वेळची मागणी इतकी मोठी असते की किमान मागणीचा प्रश्न सहसा कोणी काढतच नाही. मिठाई आणि बेकरीच्या व्यवसायात गणित उलटे असते: आकार अनेक, प्रत्येक आकाराचा खप मर्यादित आणि माल साठवायला दुकानामागची एखादी खोली. ईमेलचा मजकूर असा होता:

"महोदय, मिठाई व बेकरी व्यवसायासाठी आपल्या नावाची व आपल्या पसंतीच्या डिझाइनची आकर्षक खोकी आम्ही सर्व आकारांत तयार करून देतो. उत्तम प्रतीचा बोर्ड, चार रंगांची छपाई, ग्लॉस किंवा मॅट लॅमिनेशन. किमान मागणी ५००० नग. मोठ्या मागणीवर विशेष सवलत. पुरवठा १५ दिवसांत. कोटेशनसाठी आजच संपर्क साधा."

या मजकुरात एकही वाक्य खोटे नाही. तरीही त्यातून जो पत्रव्यवहार सुरू झाला, त्यात पुरवठादार आणि ग्राहक दोघांचेही बरेच दिवस खर्ची पडले आणि एका ग्राहकाला तर आपली दिशाभूल झाली असे वाटले. त्या ग्राहकाचे प्रकरण येथे तपशिलाने मांडले आहे, कारण किमान मागणीचा आकडा कोठून येतो, तो कसा वाचावा आणि पुरवठादाराने तो कसा लिहावा, हे तिन्ही प्रश्न त्यात एकत्र आले आहेत.

बेकरीमालकाची मागणी

हे ग्राहक एका बेकरीचे मालक होते. त्यांना तीन आकारांची खोकी हवी होती: मोठ्या केकसाठी १२००, मध्यम आकाराची १२०० आणि सुट्या पेस्ट्रीसाठी लहान २४००, म्हणजे एकूण ४८००. दोनशे नग कमी पडतात हे त्यांच्या लक्षात आले होते, म्हणून त्यांनी उत्तरात नम्रपणे लिहिले की तेवढे आपण सांभाळून घ्यावे. पुरवठादाराचे उत्तर आले की किमान मागणी प्रत्येक आकारासाठी आणि प्रत्येक डिझाइनसाठी ५००० आहे, म्हणजे तीन आकारांचे १५,००० नग घ्यावे लागतील. ४८०० नगच हवे असतील तर तीन स्वतंत्र लहान कामांचा दर लागेल, असेही त्यात होते. तो दर बेकरीमालकांच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला.

मालकांचा महिन्याचा खप मोठ्या खोक्यांचा २००, मध्यम ३०० आणि लहान ४५० इतका होता. १५,००० नगांची अट मान्य केली असती, तर लहान खोकी अकरा महिने, मध्यम जवळपास सतरा महिने आणि मोठी पंचवीस महिने पुरली असती. छापील खोके इतका काळ ठेवण्याजोगे नसते. दुकानाचा पत्ता, दूरध्वनी, परवाना क्रमांक किंवा घटकपदार्थांची यादी यांपैकी काहीही बदलले की उरलेला साठा एका दिवसात निरुपयोगी होतो. छापलेले काही बदलले नाही, तरी बोर्ड हवेतला ओलावा घेतो व सोडतो, त्यामुळे गठ्ठ्याच्या कडेची खोकी बाक धरतात. पेस्ट करून सपाट दाबून ठेवलेल्या खोक्यांच्या घड्या त्याच स्थितीत बसून जातात आणि वर्षभराने ती उघडताना कोपरा नीट उभा राहत नाही. गर्दीच्या वेळी काउंटरवरच्या माणसाला प्रत्येक खोके दोनदा दाबून सरळ करावे लागत असेल, तर स्वस्तात घेतलेला तो साठा महाग पडतो. माझ्या मते सहा महिन्यांच्या खपापेक्षा अधिक खोकी एका वेळी छापून घेणे, नगाचा दर कितीही मोहात पाडणारा असला तरी, बहुतेक दुकानांच्या हिताचे नसते.

आकडा शीटवर ठरतो

पुरवठादाराची अट मनमानी नव्हती, मात्र ती चुकीच्या मापात लिहिलेली होती. ऑफसेट यंत्रावर खोके छापले जात नाही, शीट छापले जाते. या प्रकरणातले शीट सुमारे ६४ सेंटिमीटर बाय ९१ सेंटिमीटरचे होते. मध्यम आकाराचे झाकणासह एकसंध खोके उघडून सपाट केले, तर ते साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटर जागा घेते. यंत्र शीट जेथे पकडते ती कड आणि कापण्याच्या कडा सोडल्या, तर अशी चार खोकी एका शीटवर बसतात. मोठे खोके मध्यम खोक्याच्या दुप्पट जागा घेत असल्याने शीटवर दोनच बसत होती, तर लहान खोकी आठ बसत होती.

आता ५००० हा आकडा तिन्ही आकारांना लावून पाहावा. मोठ्या खोक्यांसाठी २५०० शीट छापावी लागतात, मध्यमसाठी १२५० आणि लहानसाठी केवळ ६२५. एकाच शब्दांत लिहिलेली एकच अट मोठ्या खोक्यांच्या ग्राहकाकडून लहान खोक्यांच्या ग्राहकाच्या चौपट काम मागते. कारखान्याच्या दृष्टीने पाहिले तर ६२५ शीटचे काम परवडण्याच्या काठावर आहे आणि २५०० शीटचा आग्रह गरजेपेक्षा जास्त आहे. म्हणजे हा आकडा पुरवठादाराच्या बाजूनेही बरोबर नव्हता. औषधांच्या लहान खोक्यांवरून आलेली सवय कोणी तपासून न पाहता नव्या व्यवसायाच्या ईमेलमध्ये तशीच उतरली होती.

यंत्र सुरू होण्याआधीचा खर्च नगांवर अवलंबून नसतो. प्रत्येक रंगाची एक अशा चार प्लेट लागतात. खोक्याच्या आकाराची डाय लागते. लाकडी फळीत बसवलेल्या पोलादी पात्यांची ही चौकट असते, काही पाती कापतात आणि बोथट पाती घडीची रेघ पाडतात. त्यानंतर यंत्रावर रंग जुळवावे लागतात, चारही रंग एकमेकांवर अचूक बसेपर्यंत शीट वाया जातात, आणि पंचिंगच्या वेळी दाब बसेपर्यंत आणखी काही जातात. पैशांऐवजी शीटच्याच मापात बोलायचे, तर बोर्ड, शाई, लॅमिनेशन आणि यंत्राचा वेळ धरून एक चांगले शीट तयार करण्याचा जो खर्च येतो, त्याला एक एकक म्हणू. या कारखान्यात डायचा खर्च सुमारे २०० एकके, प्लेटचा १५० आणि जुळवणीचा, वाया जाणाऱ्या शीटसह, २५० एकके पडत होता. म्हणजे पहिले चांगले शीट हाती येण्याआधीच ६०० एकके खर्च झालेली असत.

काम ६०० शीटचे असेल तर एकूण खर्च १२०० एकके, म्हणजे प्रत्येक शीट दोन एककांना पडते. १२०० शीट छापली तर ते दीड एककावर येते, २४०० शीटला सव्वा एकक, आणि ४८०० शीटला सुमारे १.१३. पहिल्या दुपटीत अर्धे एकक वाचते, दुसऱ्या दुपटीत पाव आणि तिसऱ्या दुपटीत जेमतेम अष्टमांश. या कारखान्याची खरी किमान मागणी १२०० शीटच्या आसपास असावी हे त्यावरून दिसते. त्याखाली दर झपाट्याने चढतो, आणि त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर मिळणारी सवलत साठवणुकीच्या जोखमीपुढे टिकत नाही. "मोठ्या मागणीवर विशेष सवलत" या वाक्याने ग्राहकाला जिकडे ओढले होते, तिकडे त्याचा फारसा फायदा नव्हता.

एकाच शीटवर तीन आकार

बेकरीमालकांच्या ४८०० नगांना खरोखर किती शीट लागतात? मोठी १२०० खोकी म्हणजे ६०० शीट, मध्यम १२०० म्हणजे ३०० आणि लहान २४०० म्हणजे ३००, एकूण १२००. मागणी किमान पातळीवर बरोबर बसत होती, फक्त ती तीन वेगळी कामे म्हणून धरली गेल्यामुळे तीन वेळा ६०० एककांचा पायाखर्च लागत होता. एकूण ३००० एककांचे ते कोटेशन त्यातून आले होते.

याला उपाय असा की तिन्ही आकार एकाच शीटवर मांडायचे. अर्ध्या शीटवर एक मोठे खोके, उरलेल्यातील अर्ध्या जागेत एक मध्यम आणि शिल्लक जागेत दोन लहान. अशी १२०० शीट छापली की मोठी १२००, मध्यम १२०० आणि लहान २४०० खोकी मिळतात, अगदी मागितली होती तेवढीच. प्लेटचा एकच संच लागतो, जुळवणी एकदाच होते, आणि तिन्ही आकार कापणारी संयुक्त डायही एकच लागते. संयुक्त डायमध्ये पाती अधिक असल्याने ती थोडी महाग पडते, आणि पेस्टिंगच्या लाइनवर तीन वेळा मांडणी बदलावी लागते. पण त्या वाढीसह विचार केला तरी खर्च १८०० एककांच्या थोडाच वर राहतो. ३००० आणि १८०० यांतला फरक कोणत्याही घासाघिशीने मिळण्यासारखा नव्हता. तो शीटवरच्या मांडणीत होता, आणि ती मांडणी सुचवणे पुरवठादाराचे काम होते. ग्राहकाला तीन आकार एकत्र छापता येतात हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

या उपायालाही मर्यादा आहेत, आणि त्या मागणी देण्यापूर्वी ग्राहकाला सांगायला हव्यात. पहिली अट अशी की तिन्ही खोक्यांचा बोर्ड एकच राहतो. मोठ्या केकच्या वजनाला ३५० जीएसएमचा बोर्ड लागत असेल आणि लहान खोक्याला ३०० पुरत असेल, तर एकत्र छपाईत लहान खोकेही जाड बोर्डाचे होते. दुसरी अट अधिक त्रासदायक आहे: आकारांचे प्रमाण पक्के होते, पण खप त्या प्रमाणात होत नाही. महिन्याला २००, ३०० आणि ४५० या खपाने मध्यम खोकी चार महिन्यांत संपतात, तेव्हा ४०० मोठी आणि ६०० लहान शिल्लक असतात. तेच शीट पुन्हा छापले, तर आणखी चार महिन्यांनी ८०० मोठी खोकी पडून राहतात, म्हणजे चार महिन्यांचा साठा, आणि लहानही १२०० उरतात. प्रत्येक फेरीत ही शिल्लक वाढत जाते. म्हणून दुसऱ्या फेरीनंतर मांडणी बदलणे हे आधीच ठरवून ठेवावे लागते. तिसऱ्या फेरीला मोठे खोके वगळून मध्यम आणि लहान यांचे नवे शीट करावे आणि त्या वेळी प्लेट व डायचा खर्च पुन्हा येणार हे गृहीत धरावे. हे आधी सांगितले तर तो नियोजनाचा भाग होतो; तिसऱ्या मागणीच्या वेळी सांगितले तर ग्राहकाला ते नव्या अटीसारखे वाटते.

फेरमागणीचा मुद्दा मूळ ईमेलमध्ये मुळीच नव्हता, आणि तो ग्राहकाच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचा होता. मजकूर आणि मांडणी तीच राहिली तर डाय पुन्हा करावी लागत नाही आणि प्लेट जपून ठेवलेल्या असतील तर त्याही वापरता येतात. ६०० एककांपैकी केवळ जुळवणीची २५० उरतात. दुसऱ्या फेरीला १२०० शीटचा खर्च १८०० ऐवजी १४५० एकके येतो, किंवा ६०० शीट घेतली तरी प्रत्येक शीट दीड एककाच्या आतच पडते. म्हणजे पहिल्या मागणीसाठी १२०० शीट आणि फेरमागणीसाठी ६०० शीट अशी दोन पातळ्यांची अट कारखान्याला परवडत होती. डाय कोणाच्या मालकीची, ती किती काळ जपली जाईल आणि ग्राहकाने पुरवठादार बदलल्यास ती मिळेल की नाही, हे पहिल्याच कोटेशनमध्ये लिहिलेले असावे. या एका मुद्द्यावरून नंतर कटुता येण्याचा धोका मोठा असतो.

दोन डिझाइन आणि हजार नग

त्याच ईमेलला आलेली आणखी दोन उत्तरे थोडक्यात सांगतो. एका मिठाईच्या दुकानाच्या मालकांना मध्यम आकाराची ५००० खोकी हवी होती, पण दोन मजकुरांची, प्रत्येकी २५००. पुरवठादाराने ती दोन कामे धरली. प्रत्यक्षात दोन्ही खोक्यांवरचे चित्र एकच होते, फक्त मजकूर वेगळा होता. असा मजकूर केवळ काळ्या रंगात, फिकट जागेवर ठेवला, तर बाकीच्या तीन प्लेट तशाच ठेवून फक्त काळी प्लेट बदलता येते, आणि त्यासाठी सुमारे ७५ एकके पुरतात. मालकांना अक्षरे पांढरी हवी होती. रंगीत पार्श्वभूमीवर अक्षरे पांढरी सोडायची असतील तर चारही प्लेटमध्ये ती जागा रिकामी ठेवावी लागते, म्हणून मजकूर बदलताना चारही प्लेट बदलतात. हे कारण समजल्यावर त्यांनी अक्षरांचा रंग काळा केला. डिझाइन पूर्ण झाल्यावर नव्हे, तर ते सुरू होण्याआधी ग्राहकाला कळायला हवी अशी ही गोष्ट आहे.

तिसरे उत्तर लहान दुकानाचे होते: फक्त १००० मध्यम खोकी मिळतील का? त्यांना नकार गेला. हजार खोकी म्हणजे २५० शीट. एकट्याचे काम केले तर खर्च ८५० एकके, म्हणजे प्रत्येक शीट ३.४ एककांना पडणार, तेव्हा नकार समजण्यासारखा होता. पण अशी सहा दुकाने एकत्र आली आणि त्यांनी चित्र समान ठेवून फक्त काळ्या रंगातले नाव बदलले, तर १५०० शीटचे एक काम होते. पायाखर्च ६००, पाच वेळा काळी प्लेट बदलण्याचे ३७५, आणि १५०० शीट, म्हणजे प्रत्येक शीट १.६५ एककाला पडते. अडचण एकच: सहाही दुकानांनी एकाच तारखेपर्यंत आपले नाव आणि मजकूर तपासून मान्य करायला हवा, कारण कोणी एक जण रेंगाळला की बाकीच्या पाच जणांचा माल अडतो. यासाठी पुरवठादाराने मुदत स्पष्ट लिहावी आणि ती चुकल्यास ते दुकान पुढच्या फेरीत जाईल असेही लिहावे. इतके करूनही ज्यांना ही पद्धत सोयीची नाही, त्यांना कोरे तयार खोके आणि त्यावर डिजिटल छपाईचे लेबल किंवा पट्टी हा मार्ग उरतो. त्यात प्लेट लागत नसल्याने काहीशे नगही घेता येतात, मात्र लेबल चिकटवण्याचे काम दुकानातच करावे लागते.

पंधरा दिवस कधीपासून

मूळ ईमेलमधला "पुरवठा १५ दिवसांत" हा शब्दप्रयोगही तितकाच अपुरा होता. कोटेशन मान्य झाल्या दिवसापासून काम सुरू होत नाही. डायचा आराखडा, कोरा नमुना आणि रंगाचे प्रूफ ही तिन्ही ग्राहकाने मान्य केल्यावर ते सुरू होते. या तिघांत कोऱ्या नमुन्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि सर्वाधिक नुकसान तेथेच होते.

बेकरीमालकांच्या प्रकरणात कोरा नमुना मागवला गेला आणि त्याने एक चूक वेळेवर पकडली. नमुना ठरलेल्या बोर्डाचाच, छपाईशिवाय कापून आणि चिकटवून दिलेला होता. त्यांनी त्यात खरा केक पायाच्या पुठ्ठ्यासह ठेवला. केकची उंची मापलेली होती, पण पायाच्या पुठ्ठ्याची जाडी आणि वरच्या सजावटीची उंची त्यात धरलेली नव्हती, त्यामुळे झाकण बंद करताच सजावट आतून चिकटली. खोके अर्धा सेंटिमीटर उंच केल्यावर ते ठीक झाले, आणि अर्धा सेंटिमीटर वाढल्याने मोठ्या खोक्याचा सपाट आकार त्याच्या जागेत अजूनही बसतो की नाही, हे शीटवर पुन्हा तपासावे लागले. तो बसला. एक सेंटिमीटर लागला असता तर कदाचित बसला नसता आणि सगळी मांडणी मोडली असती. म्हणून मोजमाप नेहमी आतले द्यावे, लांबी, रुंदी, उंची या क्रमाने, आणि प्रत्यक्ष माल ठेवून मोजलेले असावे.

नमुना रात्रभर माल ठेवून तसाच राहू द्यावा आणि सकाळी तळ बाहेरून पाहावा. तुपाचा किंवा लोण्याचा डाग उमटला असेल, तर आत तेलरोधक कागद घालावा लागेल किंवा तसा लेप असलेला बोर्ड घ्यावा लागेल. ड्युप्लेक्स बोर्डाची करडी बाजू सहसा पुनर्वापर केलेल्या कागदाची असते, म्हणून स्निग्ध पदार्थ थेट तिच्यावर ठेवू नये. वेगळा बोर्ड निवडला की किमान मागणीचे गणित पुन्हा बदलते: पुरवठादार तो साठ्यात ठेवत नसेल, तर गिरणीकडून जेवढा बोर्ड एका खेपेत मिळतो तीच किमान मागणी होते, आणि ती १२०० शीटच्या खूप वर असू शकते. त्यामुळे आतल्या तेलरोधक कागदाचा साधा उपाय लहान मागणीसाठी बहुधा अधिक शहाणपणाचा ठरतो.

नव्याने लिहिलेला ईमेल

या पत्रव्यवहारानंतर कारखान्याने ईमेल पुन्हा लिहिला. त्याचा मुख्य भाग असा:

"महोदय, आम्ही मिठाई व बेकरीसाठी छापील खोकी तयार करतो. आमची किमान मागणी खोक्यांच्या संख्येवर नसून छपाईच्या शीटवर ठरते: पहिल्या मागणीसाठी १२०० शीट आणि त्याच मजकुराच्या फेरमागणीसाठी ६०० शीट. अंदाजासाठी, १२०० शीटमधून लहान आकाराची सुमारे ९६००, मध्यम आकाराची ४८०० किंवा मोठ्या आकाराची २४०० खोकी होतात. बोर्ड एकच असल्यास आपले वेगवेगळे आकार एकाच शीटवर मांडून ही मागणी एकत्रितपणे पूर्ण करता येते. आपली गरज याहून कमी असल्यास समान चित्र व आपले नाव असलेल्या एकत्रित छपाईत आपणांस सहभागी होता येईल.

कोटेशनसाठी कृपया प्रत्येक आकाराचे आतले माप, त्यात ठेवायच्या मालाचे वजन आणि महिन्याचा अंदाजे खप कळवावा. डाय व प्लेटचा खर्च कोटेशनमध्ये स्वतंत्र दाखवला जाईल व तो पहिल्या मागणीपुरताच असेल. मजकूर बदलल्यास प्लेटचा आणि आकार किंवा मांडणी बदलल्यास डाय व प्लेट दोन्हींचा खर्च पुन्हा येईल. कोरा नमुना व रंगाचे प्रूफ आपण लेखी मान्य केल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत माल पाठवला जाईल. प्रत्यक्ष संख्या मागणीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी-अधिक असू शकते आणि बिल प्रत्यक्ष पोहोचलेल्या संख्येचे केले जाईल."

हा मजकूर पहिल्यापेक्षा लांब आहे, आणि विक्रीचे ईमेल लहान असावेत असे मानणाऱ्यांना तो जड वाटेल. पण त्यातला प्रत्येक मुद्दा पहिल्या ईमेलनंतर कोणा ना कोणाला वेगळ्याने विचारावा लागला होता. महिन्याचा खप विचारणे हा मला त्यातला सर्वांत उपयोगी बदल वाटतो. खप कळला की पुरवठादारच सांगू शकतो की या आकाराची २४०० खोकी आपल्याला वर्षभर पुरतील, तेव्हा ती दुसऱ्या आकारासोबत छापावीत. दहा टक्क्यांच्या फरकाचे वाक्यही तितकेच गरजेचे आहे. जुळवणीत व पंचिंगमध्ये किती शीट वाया जातील हे आधी अचूक सांगता येत नाही, म्हणून छपाई नेहमी थोडी जादा केली जाते, आणि ४८०० च्या मागणीवर ५१०० नगांचे बिल आल्यास, आधी लिहिलेले नसेल, तर ग्राहकाला ते लादल्यासारखे वाटते. एकत्रित शीटवर हा फरक तिन्ही आकारांत सारख्याच प्रमाणात येतो. मात्र पेस्टिंगमध्ये एखाद्या आकाराची खोकी अधिक खराब झाली, तर तो आकार कमी भरतो.

बेकरीमालकांनी एकत्रित शीटची मागणी दिली. मध्यम खोकी आधी संपणार हे त्यांना ठाऊक असल्याने त्यांनी त्याच आकाराची थोडी कोरी खोकी आणि नावाची लेबले जोडीला घेतली, जेणेकरून फेरमागणीची घाई होऊ नये आणि लहान व मोठ्या खोक्यांची शिल्लक थोडी खाली आल्यावरच पुढची छपाई करता यावी. मध्यम आकाराची एका महिन्याची गरज, म्हणजे ३०० खोकी, अशा रीतीने भागवली, तर पाच महिन्यांनी मोठी २०० आणि लहान १५० एवढीच शिल्लक राहते, आणि नवी मांडणी करण्याची वेळ दोन फेऱ्यांऐवजी बरीच पुढे ढकलली जाते. पुरवठादाराने हे प्रमाण कोटेशनच्या खाली नोंदवून ठेवले आहे, म्हणजे पुढच्या मागणीच्या वेळी कारखान्यात कोणीही असले तरी शिल्लक विचारूनच शीटची संख्या ठरवली जाईल.